शैक्षणिक कर्ज: शेवटचा पेपर ते पहिला हप्ता (अनुभव धागा)

कळंबकर

आत्येभावाचं बी.ई. यंदा संपलं. परवा फोनवर म्हणतो, "दादा, अजून वर्षभर हप्ता नाही, निवांत आहे." मीही असाच निवांत होतो, म्हणून हा धागा काढतोय. मोरॅटोरियमच्या काळात, म्हणजे हप्ता सुरू व्हायच्या आधी, तुमच्या कर्जाचं काय झालं आणि पहिल्या नोकरीवर फेड कशी सुरू केली, ते आकड्यांसकट लिहा. बँकेचं नाव नको, हिशेब हवा.

आधी माझं सांगतो. वडील झेडपीचे शिक्षक, कॉलेज तेव्हाच्या औरंगाबादला. कर्ज चार लाख. २०१७ ते २०२० दर ऑगस्टला एक लाख थेट कॉलेजच्या खात्यावर जायचे. २०२१ ला शिक्षण संपलं, पुढं एक वर्ष सवलत, म्हणजे हप्ता सप्टेंबर २०२२ पासून. जानेवारी २०२२ मध्ये चाकणला ट्रेनी म्हणून लागलो, हातात एकोणीस हजार. डोक्यात पक्कं होतं की कर्ज चार लाख आहे, दहा वर्षांचा हप्ता सव्वापाच हजारांच्या आसपास बसेल.

ऑगस्टमध्ये शाखेत गेलो तर साहेबांनी स्क्रीन माझ्याकडं वळवली. पाच लाख चाळीस हजार! मला वाटलं दुसऱ्याचंच खातं उघडलंय. त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेननं लिहून दाखवलं. व्याज दहा टक्के धरा (मधे थोडं खालीवर झालं, पण हिशेबाला दहा बरं). पहिला लाख पाच वर्षं पडून होता, त्याचे पन्नास हजार. दुसरा चार वर्षं, चाळीस. तिसऱ्याचे तीस, चौथ्याचे वीस. झाले एक लाख चाळीस हजार. हप्ता सुरू होताना हे सगळं मुद्दलात मिसळतं आणि तिथून पुढं त्या व्याजावरही व्याज चालू होतं. दहा वर्षांचा हप्ता निघाला ७,१३६ रुपये. त्यात पहिल्या महिन्यात ४,५०० नुसत्या व्याजात.

एवढंच की ह्या हिशेबात मी भरलेले धरले नव्हते. जानेवारीपासून मी दर महिन्याला चार हजार कर्जखात्यात टाकत होतो. आठ महिन्यांचे बत्तीस हजार. ते वजा जाऊन हप्ता ६,७१३ झाला. महिन्याला ४२३ म्हणजे काही फार नाही, पण दहा वर्षांत पन्नास हजारांच्या वर जातात.

जालनेवाला

एक चूक आहे. नोकरी लागल्यापासून सहा महिन्यांत हप्ता सुरू होतो, वर्ष वगैरे काही नसतं. माझ्या चुलतभावाचा तसाच सुरू झाला. तुम्ही नोकरी लागल्याचं बँकेला कळवलं नसणार.

नांदेडचे निवृत्त

एकतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीच कर्ज विभागात. जालन्याच्या भावांचं अर्धं बरोबर आहे. आधीच्या नियमात शिक्षण संपल्यावर एक वर्ष किंवा नोकरी लागल्यावर सहा महिने, जे आधी येईल ते, असं होतं. नंतर बँकांच्या आदर्श योजनेत ते सरळ एक वर्ष झालं. पण तुम्हाला बांधतं ते तुमचं मंजुरीपत्र. त्यात जे छापलंय तेच तुमचं. खाजगी फायनान्स कंपनीचं कर्ज असेल तर कागद दोनदा वाचा. तिथं शिकत असतानाच व्याज भरायला लावतात, किंवा व्याजावर व्याज धरतात.

कळंबकर, तुमचा आकडा सरळव्याजाचा आहे आणि तो तसाच असायला पाहिजे. हेच कुणी महिन्याच्या चक्रवाढीनं लावलं असतं तर एक लाख चाळीसच्या जागी एक लाख सत्तर हजार झाले असते. तपासायचं असं: कर्जखात्याचा पूर्ण उतारा मागायचा, पासबुक नाही. कोणत्या तारखेला किती रक्कम गेली ते बघून प्रत्येक रकमेचं व्याज दिवसांवर काढायचं. शंभर-दोनशेचा फरक पडला तर सोडा. पाच-दहा हजारांचा पडला तर लेखी विचारा.

आणि त्या बत्तीस हजारांबद्दल. ते बँकेनं मुद्दलात वळते केले की व्याजात?

कळंबकर

हे विचारलंच नाही कधी. दोन्हीत काय फरक पडतो? पैसे तर माझेच गेले.

नांदेडचे निवृत्त

पडतो. मोरॅटोरियममध्ये सरळव्याज असतं, म्हणजे साचलेल्या व्याजावर नवीन व्याज चढत नाही. मग तुम्ही जानेवारीत भरलेले चार हजार जर साचलेल्या व्याजात गेले, तर ते जानेवारीत भरले काय आणि ऑगस्टच्या शेवटी भरले काय, कर्जाला सारखंच. तोवर तेच पैसे आरडीत ठेवले असते तर वर दोन पैसे मिळाले असते. फायदा होतो तो फक्त त्या एका दिवशी, जेव्हा व्याज मुद्दलात मिसळतं. मुद्दलात गेले असते तर मात्र भरल्या दिवसापासून व्याज कमी झालं असतं. बहुतेक ठिकाणी आधी व्याजात वळतं करतात, पण सगळीकडं एकच रीत नाही. उताऱ्यात दिसेल.

तरी पोरांना मी आरडी सुचवत नाही. चाकणात राहून आठ महिने पैसे न मोडता ठेवणारा ट्रेनी मी तरी बघितलेला नाही.

सेलूची आई

मुलगी नर्सिंगला होती, तीन वर्षं. कर्ज दोन लाख, दोन हप्त्यांत मिळालं. आमचं पाच एकर कोरडवाहू. शाखेतल्या मॅडम म्हणाल्या, दर महिन्याचं व्याज भरत गेलात तर व्याजदरात एक टक्का सवलत आहे. पहिल्या लाखाला महिन्याला ८३३ पडायचे, दुसरा लाख मिळाल्यावर १,६६७. मी शिलाईचे पैसे डब्यात वेगळे ठेवायचे, कापड पिशवीत गुंडाळून, म्हणजे यांनी खताला मागू नयेत. सोळा महिने भरले. मग कापसाचे पैसे व्यापाऱ्याकडं अडकले, दोन महिने चुकले आणि सवलत गेली. लई रडले त्या दिवशी. तरी जमेल तसं भरत राहिले. मुलगी संभाजीनगरला दवाखान्यात लागली तेव्हा तिच्या डोक्यावर दोन लाखच होते, वरचं व्याज फारसं नव्हतं. सात वर्षांचा ३,३२० हप्ता बसला, तो ती भरतेय.

वसमतचा

साहेब, हे शैक्षणिक कर्ज कर्जमाफीत बसतं का? आमच्या वडलांचं २०१९ च्या महात्मा फुले योजनेत माफ झालं होतं. पोराचं कर्ज पण सातबारा दाखवूनच काढलंय. आणि करोनात सहा महिने सगळ्यांचे हप्ते माफ झाले होते, तसंच हे एक वर्ष माफ असतं ना?

नांदेडचे निवृत्त

बसत नाही दादा, ती माफी पीक कर्जाची होती. सातबारा दाखवला म्हणून शैक्षणिक कर्ज शेतीचं होत नाही. आणि २०२० च्या मार्च ते ऑगस्टमध्ये हप्ते पुढं ढकलले होते, व्याज चालूच होतं. इथंही तसंच.

उदगीरची लेक

आमचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत होतं, म्हणून केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत बसले. त्यात मोरॅटोरियमचं व्याज सरकार भरतं. वडलांनी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला कर्ज काढतानाच जोडला होता, त्याचं सगळं श्रेय त्यांना. मी निवांत होते. पण हप्ता ठरला तेव्हा अनुदान आलेलंच नव्हतं! व्याज धरूनच हप्ता बसला. पुण्यात पहिली नोकरी, खोलीचं भाडं, डबा आणि वर हा फुगलेला हप्ता. सात महिने तसाच भरला. शाखेत गेलं की "वरून आलं नाही" एवढंच. मग एक दिवस खात्यात रक्कम जमा झाल्याचा मेसेज आला. बाकी एकदम खाली आली, पण हप्ता तेवढाच राहिला. विचारलं तर म्हणाले, मुदत कमी झाली. हप्ता कमी करून हवा असेल तर अर्ज द्या. दिला. तीन आठवडे लागले.

आमच्याच वर्गातल्या एकीचा दाखला वेळेत गेला नाही, तिला काहीच मिळालं नाही. उत्पन्न आमच्यापेक्षा कमी असून.

माजलगावचा

माझं रडगाणं वेगळंच. पगार सात तारखेला, हप्ता पाच तारखेला. खात्यात पैसे नाहीत म्हणून तीन महिने ऑटो-डेबिट परत गेलं. प्रत्येक वेळी पगाराच्या खात्यातून दंड, कर्जखात्यात वेगळा. मी सात तारखेला जाऊन भरायचो, मला वाटायचं दोनच दिवसांचा तर उशीर. चौथ्या महिन्याला पगारच लांबला आणि हप्ता पुढच्या महिन्यावर गेला. जूनमध्ये वडील पीक कर्ज नवंजुनं करायला गेले, तर साहेब म्हणाले, "तुमच्या नावावर थकीत दिसतंय." वडलांनी आयुष्यात सोसायटीचा एक रुपया ठेवला नव्हता. पेरणी तोंडावर. सहकर्जदार म्हणून त्यांचं नाव, तर माझी थकबाकी त्यांच्या सिबिलवर चढली होती. वडील मला एक शब्द बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

नंतर शाखेत अर्ज देऊन तारीख दहा करून घेतली. ऑटो-डेबिटचं नवीन मँडेट सही करून दिलं, संपलं. हे पहिल्याच महिन्यात करता आलं असतं.

जालनेवाला

मग पंधरा वर्षांची मुदत घ्यायची ना सरळ. हप्ता हलका, बाउन्सची कटकट नाही.

कळंबकर

मी ते काढून बघितलं होतं. माझ्या पाच चाळीसला पंधरा वर्षांनी हप्ता ५,८०० च्या जवळ येत होता. दहा वर्षांत एकूण साडेआठ लाख जातात, पंधरा वर्षांत साडेदहा. महिन्याला तेराशे वाचवायला दोन लाख. पण एकोणीस हजारांत ते तेराशे म्हणजे महिन्याचा डबा असतो, त्यामुळं कुणी पंधरा घेतली तर मी हसणार नाही. पगार वाढला की मधे जास्तीचे भरता येतात.

हिंगोली वायडी

माझा प्रश्न जरा अवघड आहे. तिसऱ्या वर्षाला विषय राहून वायडी लागली, एक वर्ष गेलं. घरी माहीत आहे, बँकेला नाही. आता शेवटचं वर्ष चालू आहे. बँकेच्या कागदावर माझं शिक्षण मागच्या वर्षीच संपलंय. सांगितलं तर कर्ज बंद करतील का?

जालनेवाला

सांगू नको भाऊ, गप पास हो.

नांदेडचे निवृत्त

गप बसू नका. संगणकाला तुमची वायडी माहीत नाही, त्याला फक्त तारीख माहीत आहे. जुन्या तारखेनं वर्ष पुरं झालं की हप्ता मागायला लागेल, तेव्हा तुम्ही अजून नोकरी शोधत असाल. नव्वद दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे बुडीत धरतात. मग माजलगावच्या भावाच्या वडलांचं झालं त्याहून वाईट. शिक्षण लांबलं तर दोन वर्षांपर्यंत मुदत वाढवून द्यायची सोय योजनेत आहे. द्यायची की नाही ते शाखा कारण बघून ठरवते, नापास झाल्याचं कारण ते कसं घेतील हे मी इथून सांगू शकत नाही. आजारपण होतं का काही?

हिंगोली वायडी

टायफॉइड झाला होता, पण खरं सांगायचं तर दोन विषय तसेही राहणारच होते.

नांदेडचे निवृत्त

दवाखान्याचे कागद असतील तर जोडा. सोबत कॉलेजचं बोनाफाईड आणि सगळ्या सेमिस्टरच्या मार्कमेमोच्या झेरॉक्स. अर्ज दोन प्रतींत न्या, एकीवर आवकचा शिक्का आणि तारीख मारून घ्या. तोंडी "बघू" म्हणाले तर हलू नका.

हिंगोली वायडी

सोमवारी जातो. वडलांना घेऊन जावं लागेल का? सही त्यांची पण आहे.

माजलगावचा

घेऊनच जा.