मदत हवी आहे: मूल सारखं खोटं बोलतंय, काय करू?

रंकाळाकाठ (रात्री १०:४२)
तातडीनं सल्ला हवाय. घरात सारखं खोटं चाललंय आणि आज कहर झाला, क्लासच्या सरांचाच फोन आला. समजावून झालं, ओरडून झालं, मोबाइल काढून घेऊन झाला. विचारलं की तोंडावर सरळ "नाही" म्हणायचं. धाकटीसुद्धा आता तेच शिकलीय. ही सवय आत्ताच कशी मोडायची? "मुलांना वेळ द्या" असलं नको, नेमकं काय करायचं ते सांगा.

निवृत्त_मास्तर (रात्री १०:५८)
पहिल्या खोट्यालाच जबर शिक्षा हवी. तुम्ही उशीर केलात. डोळ्यांत डोळे घालून विचारा. खोटं बोलणारं पोर नजर खाली घालतं, लगेच कळतं.

शाहूपुरीची_सुमेधा (रात्री ११:०५)
ताई, वय काय? दोघांचंही सांगा. आणि कोण नेमकं काय बोललं, शब्द आठवतील तसे लिहा. मुलांचं समुपदेशन हेच माझं काम आहे, पण वय कळल्याशिवाय याला उत्तर देता येत नाही.

तालीमवाला (रात्री ११:०९)
मोबाइलमध्ये लोकेशन चालू करा. कुठं आहे ते नकाशावर दिसतं, विचारायची गरजच नाही. विषय संपला.

रंकाळाकाठ (रात्री ११:२०)
वयाचा काय संबंध? खोटं ते खोटंच की. तरी सांगते. थोरला नववीत आहे, १४ पूर्ण. धाकटी ४ वर्षं २ महिन्यांची. थोरला "क्लासला गेलतो" म्हणाला, आणि सर म्हणतात तीन आठवडे शनिवारी आलाच नाही. धाकटी शेजारच्या काकूंना सांगते, रंकाळ्यात हत्ती पोहत होता आणि तिनं त्याला केळ दिलं. काल डब्यातला लाडू खाल्ला आणि "मी नाही" म्हणाली. थोरल्याचं बघूनच करते ती.

शाहूपुरीची_सुमेधा (रात्री ११:४१)
तुम्ही सांगितलेल्या या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. हत्ती, लाडू आणि क्लास. तिन्हींना एकच औषध लावलं म्हणून फरक पडत नाहीये.

हत्ती हे खोटं नाहीच. चौथ्या वर्षी मनात रंगवलेलं आणि खरंच घडलेलं यांतली रेघ अजून पुसट असते. शिवाय हत्ती सांगून तिला काही मिळवायचं नव्हतं आणि काही लपवायचंही नव्हतं. तिथं "खोटं बोलू नकोस" म्हणालात तर तिला वाटेल की गोष्ट रचणंच वाईट. शांतपणे विचारा, "हे खरंखरं, की गोष्टीतलं?" या वयात बरीच मुलं हसून "गोष्टीतलं" म्हणतात. तेवढं पुरे.

लाडू मात्र खोटं आहे, पण कच्चं. कॅनडात व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली यांनी २००२ साली ३ ते ७ वर्षांच्या मुलांवर प्रयोग केला. मुलाच्या पाठीमागं खेळणं ठेवायचं, वळून बघू नकोस सांगायचं आणि खोलीबाहेर जायचं. बहुतेक मुलं वळून बघतातच. परत येऊन विचारलं, तर तीन वर्षांची जवळपास निम्मी कबूल करून टाकतात. त्याहून मोठी बहुतेक नाकारतात. मग पुढचा प्रश्न येतो, "बरं, काय असेल ते खेळणं?" पाच वर्षांपर्यंतची मुलं बिनदिक्कत त्याचं नाव सांगतात. सहा-सात वर्षांची निम्मी "माहीत नाही" म्हणून साळसूद बसतात.

तुमच्या धाकटीला विचारा, लाडू कसला होता? "बेसनाचा, आत मनुका होता" असं सांगेल ती. "मी नाही" म्हणायला एकच गोष्ट कळावी लागते, की मला माहीत आहे ते आईला माहीत नाही. थाप शेवटपर्यंत टिकवायला दुसरं एक जमावं लागतं, जिभेवर आलेलं खरं तिथंच रोखून धरणं. हे जमायला आणखी दोनेक वर्षं जातात. सूर्याचं चित्र दाखवलं की "रात्र" म्हणायचं आणि चंद्राचं दाखवलं की "दिवस", असा खेळ तिच्याशी खेळून बघा. दहातले किती चुकतात ते मोजा. त्यात ज्यांच्या चुका कमी होतात, त्यांच्या थापाही सहसा जास्त टिकतात.

म्हणून थोरल्याचं बघून शिकली असं म्हणता येत नाही. एकुलती एक मुलंही याच वयात हे सुरू करतात.

प्रज्ञा_के (रात्री ११:५०)
म्हणजे खोटं बोलणं हुशारीचं लक्षण! ताई, काळजी करू नका, सोडून द्या. आपोआप जातं.

शाहूपुरीची_सुमेधा (सकाळी ७:१५)
अर्धं बरोबर आहे, प्रज्ञा. चीनमध्ये तीन वर्षांच्या मुलांना दुसऱ्याच्या मनात काय आहे ते ओळखायला मुद्दाम शिकवलं, तर आधी खरं सांगणारी मुलंही थाप मारायला लागली. हा अभ्यास २०१५ चा. म्हणजे क्षमता आली की खोटं जमायला लागतं, हे खरं. पण जमतं म्हणून मूल रोज खोटं बोलेलच असं नाही. ते किती बोलेल हे खरं सांगितल्यावर घरात काय होतं त्यावर बरंच ठरतं. म्हणून "सोडून द्या" चालणार नाही.

मास्तर, आपला मान राखून सांगते, शिक्षेचं उलटंही होतं. पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांची तुलना २०११ साली प्रसिद्ध झाली. एकीत छडी होती, दुसरीत नव्हती. छडीच्या शाळेतली तीन-चार वर्षांची मुलं जास्त खोटं बोलली. एवढंच नाही, त्या "काय असेल?" या दुसऱ्या प्रश्नालाही ती सापडली नाहीत. भीतीनं त्यांची थाप लवकर पक्की झाली. आणि नजरेचं म्हणाल, तर अवघड प्रश्नावर विचार करणारं मूलही नजर वळवतं. मोठी माणसं नुसतं बघून खरं-खोटं ओळखतात ते शंभरात ५४ वेळा. नाणं उडवलं तरी ५० येतील.

निवृत्त_मास्तर (सकाळी ७:४०)
प्रयोगाची गोष्ट वेगळी आणि चाळीस पोरांचा वर्ग वेगळा. धाक हवाच. मग निदान संस्कार तरी करा, रोज रात्री "लांडगा आला रे आला" सांगा.

शाहूपुरीची_सुमेधा (सकाळी ८:०५)
तीच गोष्ट तपासून झालीय, मास्तर. कांग ली यांच्या गटानं २०१४ साली ३ ते ७ वर्षांच्या मुलांना वेगवेगळ्या गोष्टी सांगून मग तोच खेळण्याचा प्रयोग केला. लांडग्याच्या गोष्टीनं खरं बोलणं वाढलं नाही. जॉर्ज वॉशिंग्टननं चेरीचं झाड तोडल्याचं कबूल केलं आणि वडील खूश झाले, त्या गोष्टीनं वाढलं. शेवट उलटा करून जॉर्ज खोटं बोलला आणि त्याचं वाईट फळ मिळालं असं सांगितलं, तर तो परिणाम गेला. लांडग्याच्या गोष्टीत मुलाला एवढंच दिसतं की खोटं बोलणाऱ्याचे हाल झाले. खरं सांगितल्यावर काय मिळतं, ते तिच्यात कुठंच नाही.

गंगावेस_कट्टा (सकाळी ८:३०)
माझी मुलगी सात वर्षांची. गृहपाठ झाला म्हणते, वही मागितली की "बाईंकडे आहे". हे कशात बसतं? आणि तिला क्लास लावावा का?

शाहूपुरीची_सुमेधा (सकाळी ९:१०)
क्लासचं या धाग्यात नको. वहीचं सांगते. ती आता दुसऱ्या प्रश्नाचीही तयारी करून येते, सहा-सातच्या पुढं हे जमायला लागतं. अशा वेळी उलटतपासणी घेतली की तिचा त्यातच सराव होतो. उत्तर आपल्याला माहीत असेल तर प्रश्न विचारायचाच नाही. "वही दप्तरात आहे, गृहपाठ राहिलाय, चल बसू" इतकंच.

रंकाळाकाठ ताई, लाडवालाही हेच. "कुणी खाल्ला?" विचारू नका. "लाडू खाल्लास, तोंडाला लागलाय. पुढच्या वेळी मागून घे." खरंच माहीत नसेल तेव्हा आधी म्हणा, "खरं सांगितलंस तर मला बरं वाटेल", आणि मग विचारा. लहान मुलांत धमकीपेक्षा याचा उपयोग जास्त होतो. एकच पथ्य आहे, तिनं खरं सांगितलं की त्या दिवशी ओरडायचं नाही. एकदा जरी ओरडलात तरी पुढच्या वेळी त्या वाक्याला काही किंमत उरत नाही.

रंकाळाकाठ (सकाळी ९:३२)
लहानीचं कळलं. पण माझा मूळ प्रश्न थोरल्याचा आहे! तीन आठवडे फसवलंय त्यानं. तिथं तरी लोकेशन लावू ना?

तालीमवाला (सकाळी ९:४०)
लावा म्हणतोय ना मी. एक विचारू? शनिवारी दुपारी क्लास? सध्या शाहू स्टेडियमवर सामने चाललेत. पेठेतली पोरं आहेत, कुठं असणार?

रंकाळाकाठ (सकाळी ९:४८)
हो, तिथंच होता. ते लिहायचं राहिलं. सायकल क्लासच्या दारात लावून चालत जायचा.

शाहूपुरीची_सुमेधा (सकाळी १०:२०)
ही सायकलच महत्त्वाची, ताई. "क्लासला गेलतो" हे शब्द खरे आहेत. तो क्लासपर्यंत गेला, आत गेला नाही. चौदाव्या वर्षीचं खोटं असंच असतं. रचलेलं कमी आणि गाळलेलं जास्त. कोण काय तपासेल याचा हिशोब आधीच केलेला असतो. कुणी ओळखीचं गेलं तर सायकल दिसावी, आणि पकडलं गेलंच तर "गेलतो की" म्हणता यावं.

या वयाची मुलं मनात वाटणी करतात. जिवाला धोका, चोरी, कुणाला मारणं, यांत आईबापांनी विचारणं त्यांना मान्य असतं. मित्र, कपडे, मोकळा वेळ हे मात्र "माझं" असतं. थापा बहुतेक वेळा या सीमेवर होतात. तुमच्या लेखी शनिवार क्लासचा, फी भरलीय. त्याच्या लेखी शनिवार त्याचा. यावर घरात उघड भांडण झालंय का कधी? नसेल झालं, तर त्यानं भांडणाऐवजी सायकल लावली.

लोकेशनचं म्हणाल, तर स्वीडनमध्ये स्टॅटिन आणि कर यांनी २००० साली चौदा वर्षांच्याच मुलांचा अभ्यास केला. आईवडिलांना मुलांबद्दल जे माहीत असतं, ते पाळतीनं किंवा चौकशीनं फारसं कळलेलं नसतं. ते मुख्यतः मुलांनी आपणहून सांगितलेलं असतं. लोकेशन लावलंत तर फोन क्लासच्या बाकावर राहील आणि मुलगा स्टेडियमवर.

तालीमवाला (सकाळी १०:३१)
फोन ठेवून जाईल, हे पटलं. पण रात्री उशीर झाला तर कुठं शोधायचा? तेवढ्यापुरतं तरी हवं.

शाहूपुरीची_सुमेधा (सकाळी १०:५५)
त्याला सांगून, त्याच्यासमोर लावलं तर चालेल. चोरून नको.

ताई, आज बोलताना "कुठं होतास?" ने सुरुवात करू नका. "तू तीन शनिवार स्टेडियमवर होतास, मला कळलंय" हे आधी सांगा, म्हणजे नाकारायला जागाच राहत नाही. मग दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. क्लास बुडवला त्याची भरपाई त्यानं करायची, बुडालेला भाग लिहून काढायचा. लपवलं त्याबद्दल मात्र शिक्षा न करता विचारा, "मला विचारलं असतंस तर मी काय म्हटलं असतं असं वाटलं तुला?" आणि तो सांगेल ते मध्ये न तोडता ऐका.

एवढं तपासा: पैसे जातायत का, रात्री बाहेर राहतो का, एखाद्या मोठ्या माणसाचं नाव निघालं की गप्प होतो का. शेवटचं धाकटीच्या बाबतीतही बघा, कारण मोठ्या माणसानं "कुणाला सांगू नको" म्हटलं की लहान मुलंही ते पाळतात. यातलं काही असेल तर धाग्यावर लिहीत बसू नका, जवळच्या बालरोगतज्ज्ञांना किंवा समुपदेशकाला प्रत्यक्ष भेटा.

निवृत्त_मास्तर (दुपारी १२:१०)
शिक्षा नाही म्हणजे उद्या रविवारही बुडवेल. माझं मत बदललेलं नाही.

रंकाळाकाठ (रात्री ९:१५)
बोलले. तो प्रश्न विचारल्यावर म्हणाला, "तू नाहीच म्हणाली असतीस." खरंय, म्हटलं असतं. सर रविवारी सकाळची बॅच देतो म्हणतात, पण याचे बाबा ऐकायला तयार नाहीत, त्यांचं मास्तरांसारखंच आहे. त्यांना कसं सांगू? आणि हो, लाडू रव्याचा होता म्हणाली. रव्याचाच होता.