मदत हवी आहे: गोलस्कोररच्या भावात बुकी इतका उदार कसा?

स्लाउकर: शनिवार-रविवारी प्रीमियर लीगचे 'एनीटाइम' आणि 'फर्स्ट गोलस्कोरर'चे भाव एक्सेलमध्ये काढत बसतो. एक स्ट्रायकर घ्या. ९० मिनिटांना एक्सजी ०.५५. पेनल्टी तोच घेतो, म्हणून वर ०.१०. मग `1-EXP(-0.65)`, म्हणजे ४८ टक्के, भाव २.०९. बुकी देतोय २.६०. दर आठवड्याला सगळेच पेनल्टीवाले असे स्वस्तात मिळतायत म्हटल्यावर चूक माझीच असणार. कुठे?

हाफव्हॉली: मिनिटं! तो ७५व्या मिनिटाला बाहेर येतो ना? ०.६५ ला ७५/९० ने गुण. फर्स्टसाठी तोच आकडा दोन्ही संघांच्या एकूण गोलांनी भाग, झालं.

पुणेरी_गूनर: फॅन्टसीत कॅप्टन पेनल्टीवालाच करावा ना? मी मागच्या वेळी बदलला आणि पस्तावलो.

जुना_ट्रेडर: कॅप्टनचा धागा वेगळा आहे हो. स्लाउकर, ते ०.५५ पेनल्टीसकट आहे का?

स्लाउकर: अरेच्चा. मी xG चा कॉलम उचललाय. शेजारी npxG आहे, ०.४५.

जुना_ट्रेडर: म्हणजे पेनल्टी दोनदा मोजलीत. कोल पामरचे २०२३-२४ मध्ये लीगमधले २२ पैकी ९ गोल पेनल्टीचे होते. अशा खेळाडूला ही चूक किती फुगवेल बघा. ०.४५ पण शॉट्सवरून पडताळा: ३.५ शॉट, प्रत्येकी ०.१३ धरले तर जुळतं. शॉट्सची संख्या लवकर स्थिरावते, गोलांचं प्रमाण वर्षभर लटपटतं. पेनल्टी संघाला साधारण सात-आठ सामन्यांत एक, त्यातल्या पाऊण आत जातात, म्हणून ०.१० ठीक. आता ०.५५ × ७५/९० = ०.४६. म्हणजे ३७ टक्के, भाव २.७१. तुमचा बुकी उदार नाही, उलट त्याचं कमिशन कापून बसलाय.

हाफव्हॉली, फर्स्टला मात्र तुमचा हिशोब चुकतो. सामन्यात एकूण २.७ गोल धरले, तर तुमच्या पद्धतीने ०.४६/२.७, साधारण १७ टक्के. पण पहिला गोल बहुतेक वेळा तो मैदानात असतानाच होतो. म्हणून मिनिटं न कापता ०.५५/२.७ घ्या आणि ७५ मिनिटांत एक तरी गोल होण्याच्या शक्यतेने, ०.८९ ने, गुणा. १८ टक्के, भाव ५.५ च्या आसपास. स्वयंगोल २.७ मधून वगळा, या बाजारात ते मोजत नाहीत.

हाफव्हॉली: पण पूर्वार्धात गोल कमी होतात. म्हणजे तुमचा ०.८९ जरा जास्तच.

जुना_ट्रेडर: मान्य, थोडा.

स्लाउकर: आणि पेनल्टी कोण घेणार हेच नक्की नसेल तर? एप्रिल २०२४ ला एव्हर्टनविरुद्ध चेल्सीचे खेळाडू बॉलवरून भांडले होते, शेवटी पामरनेच घेतली.

जुना_ट्रेडर: दोघांत वाटून टाकतो, बहुधा ८०-२०. त्यामागे सूत्र नाही, अंदाजच. शिवाय पहिल्या पसंतीचा आधी बाहेर आला तर उरलेली मिनिटं दुसऱ्याची.

स्लाउकर: बेंचवरून येणाऱ्याचं फर्स्ट?

हाफव्हॉली: तो येण्याआधी गोल झाला तर पैसे परत. म्हणजे भाव स्टार्टरसारखाच?

जुना_ट्रेडर: आधी तुमच्या बुकीचे नियम वाचा. सगळीकडे परत मिळत नाहीत.