शब्दचर्चा: Revolve ला मराठीत काय म्हणावं, आणि पुलीचा ‘अक्ष’ नेमका कोणता?

श्रेया, ठाणे
वागळे इस्टेटमधल्या एका वर्गात लेथवर काम करणाऱ्या मुलांना कॅड शिकवते. त्यांच्यासाठी मराठीत टिपणं करतेय आणि तीन शब्दांवर अडलेय. Revolve म्हणजे एक आकृती रेषेभोवती फिरवून भरीव वस्तू करणं: पुली, बुश, फुलदाणी, लेथवर निघेल असं काहीही. याला ‘परिवलन’ म्हणू की ‘परिभ्रमण’? जिच्याभोवती फिरवायचं ती रेषा ‘अक्ष’, ‘आस’ की ‘मध्यरेषा’? आणि फिरवायच्या आकृतीला ‘अर्धछेद’ चालेल का?

उदाहरण सगळ्यांना एकच दिलंय. ए सेक्शनच्या पट्ट्याची, एका ग्रूव्हची पुली. पिच व्यास 100, बाहेरचा व्यास 105.5, बोअर 24, रुंदी 20 मिमी. ‘परिवलन’ वाचून बऱ्याच जणांनी पुलीचा अख्खा छेद काढला, वरची बाजू आणि खालची बाजू दोन्ही, आणि मधोमध रेषा देऊन फिरवायला गेले. सॉफ्टवेअरने अर्थातच नकार दिला. म्हणून विचारतेय, नुसती हौस नाही.

निवांत वाशीकर
शाळेचा भूगोल आठवा. पृथ्वी स्वतःभोवती फिरते ते परिवलन, सूर्याभोवती फिरते ते परिभ्रमण. पुली स्वतःभोवतीच फिरते, तेव्हा परिवलनच बरोबर. मुलांचं चुकलं, शब्दाचं नाही.

जुना ड्रॉइंगवाला, ऐरोली
वाशीकर, पुली स्वतःभोवती फिरते हे खरं, पण इथे पुली फिरतच नाही, ती अजून तयारच व्हायची आहे. फिरते ती आकृती, आणि ती स्वतःभोवती नाही तर 12 मिमी लांबच्या एका रेषेभोवती. तुमच्याच भूगोलाने ते परिभ्रमण झालं. या 12 मिमीतूनच 24 चं बोअर निघतं. बोअर वेगळं पाडावं लागत नाही, आकृती आणि रेषा यांच्यातली मोकळी जागा म्हणजेच बोअर.

श्रेयाताई, मुलांना पहिल्यांदा हेच दाखवा. रेषा आडवी धरा, लेथवर जॉब असतो तशी. तिच्यापासून 12 वर बोअरची कड, 52.75 वर बाहेरची कड, आडवी रुंदी 20. ग्रूव्ह रुंदीच्या मधोमध, म्हणजे तोंडापासून 10 वर. ग्रूव्हची वरची रुंदी मुलांना मोजायला लावू नका. 50 वर एक मदतीची रेषा काढायची, तिच्यावर रुंदी 11 द्यायची, दोन्ही कडा उभ्या रेषेशी 17-17 अंशांनी कलत्या ठेवायच्या. वरची रुंदी आपोआप 12.68 येते. खोली वरच्या कडेपासून 12. मापं एवढीच.

आता गंमत. एखाद्याने फिरवताना खालची लांब रेषा न निवडता चुकून बोअरची कडच निवडली, तर सॉफ्टवेअर अजिबात तक्रार करत नाही. ग्रूव्ह सुंदर येतो, कोन बरोबर, रुंदी बरोबर. फक्त बोअर नाहीसं होतं आणि बाहेरचा व्यास 81.5 होतो. भोक नाही म्हणून चूक लगेच कळेल असं वाटतं, पण पोरगा त्याच्यावर 24 चं होल पाडून मोकळा होतो आणि मॉडेल दिसायला अगदी पुलीसारखं.

रबाळ्याचा टर्नर
काका, 17-17 म्हणजे 34 झाले. पट्ट्याचा कोन 40 असतो. आम्ही टूल 40 चंच घासायचो.

जुना ड्रॉइंगवाला, ऐरोली
पट्टा सरळ असताना 40. पुलीवर वाकला की आतली बाजू दाबली जाते, ते रबर बाजूंना फुगतं आणि पट्ट्याचा कोन कमी होतो. पुली जितकी लहान तितका कोन आणखी कमी. म्हणून ए सेक्शनला पिच व्यास 118 पर्यंत 34 आणि त्याच्या वर 38. शंभरच्या पुलीला 40 चा ग्रूव्ह दिला तर पट्टा बाजूंना नीट टेकत नाही, घसरतो.

रबाळ्याचा टर्नर
घसरायचा खरा. आम्ही ताण वाढवायचो. 😀

शब्दाचं म्हणाल तर एवढे जड शब्द कशाला? लेथवर पोराला ‘सेंटर’ म्हटलं की कळतं. रेषेला ‘सेंटर लाइन’ म्हणा आणि सोडून द्या.

श्रेया, ठाणे
‘सेंटर लाइन’ आणि ‘मध्यरेषा’ दोन्ही वापरून झाले, तिथेच जास्त घोळ झाला. ग्रूव्ह दोन्ही बाजूंनी सारखा यावा म्हणून मुलं ग्रूव्हच्या मधून एक उभी तुटक रेषा काढतात. ती पण सेंटर लाइनच! मग आकृतीत दोन होतात, एकमेकींना काटकोनात. सॉलिडवर्क्समध्ये एकच असेल तर ती आपोआप उचलली जाते, दोन असल्या की विचारतो. मुलं हाताशी असलेली उचलतात, ती ग्रूव्हवाली. आकृती तिच्या दोन्ही बाजूंना पसरलेली, म्हणून पुन्हा नकार.

निवांत वाशीकर
मग ‘अक्ष’. प्रश्न मिटला.

श्रेया, ठाणे
नाही मिटला. ग्रूव्हच्या मधल्या रेषेला शाळेच्या भूमितीत ‘सममितीचा अक्ष’ म्हणतात. तोही अक्षच.

जुना ड्रॉइंगवाला, ऐरोली
हा मुद्दा पटला. मी तरी एकटा ‘अक्ष’ लिहिणार नाही, ‘फिरण्याचा अक्ष’ लिहीन. लांब आहे, पण टिपणात जागा आहे. आणि नियम शब्दापेक्षा जास्त उपयोगी पडतो: ज्या रेषेच्या दोन्ही बाजूंना माल आहे ती फिरण्याचा अक्ष असू शकत नाही. सगळा माल एकाच बाजूला हवा. रेषेला टेकला तर चालतं, ओलांडला तर नाही.

अमोल, कोपरखैरणे
मी फ्रीकॅड वापरतो, फुकट आहे म्हणून. तिथे Revolution दिलं की आधी Vertical sketch axis धरलेला असतो. श्रेया मॅडमची पुली आडवी काढली, डावं तोंड बरोबर उभ्या अक्षावर ठेवून. एरर काही आला नाही, पण पुली न येता एक गोल ठोकळा आला आणि वरच्या तोंडावर गोल चर. मला वाटतं फ्रीकॅडमध्ये बग आहे?

जुना ड्रॉइंगवाला, ऐरोली
बग नाही. तुमची 20 ची रुंदी आता त्रिज्या झाली, म्हणून 40 व्यासाचा ठोकळा. 12 पासून 52.75 पर्यंतचं माप झालं उंची, 40.75. ग्रूव्ह वर तोंड करून होता तो वरच्या तोंडावर चर झाला. Horizontal sketch axis निवडा, पुली येईल. नाहीतर आकृतीच उभी काढा.

अमोल, कोपरखैरणे
आली! पण व्यास 211 दाखवतोय.

श्रेया, ठाणे
105.5 हे माप अक्षापासून कडेपर्यंत दिलंत. ते व्यासाचं माप, तुम्ही त्रिज्येला दिलंत. फ्रीकॅडमध्ये मापाच्या चौकटीत `105.5/2` असंच टाइप करा, भागाकार तो करतो, आणि मूळचा आकडा डोळ्यांसमोर राहतो. सॉलिडवर्क्समध्ये कड आणि सेंटर लाइन निवडून कर्सर रेषेच्या पलीकडे नेला की माप दुप्पट होऊन व्यासाचं मिळतं. मुलांना तेच शिकवते, कारण ड्रॉइंगवर व्यासच लिहिलेला असतो.

मृण्मयी, खारघर
मी पुलीवाली नाही, फुलदाण्या थ्रीडी प्रिंट करते. माझी फुलदाणी गळते. आणि हिलाच आठ पाकळ्यांसारख्या कडा द्यायच्या आहेत, तर अक्ष कुठे घेऊ?

रबाळ्याचा टर्नर
ताई, प्लास्टिक चांगलं नसेल. प्रिंट केलेलं गळतंच.

जुना ड्रॉइंगवाला, ऐरोली
असेलही, पण आधी आकृती बघा. मॉडेल मधोमध कापून तळ मोठा करून पाहा. तळाची रेषा अक्षापर्यंत पोचली आहे का? डोळ्यांनी पोचवलेली असेल तर 0.2 मिमी कमी पडली असायची, आणि तेवढ्याने तळाच्या मध्यात 0.4 व्यासाचं आरपार भोक पडतं. स्क्रीनवर ते दिसत नाही. तळाच्या जाडीची छोटी उभी कड अक्षावरच बसवा, टोकं अक्षाला बांधून टाका. पुलीत आकृती अक्षापासून लांब, फुलदाणीत फक्त तळाशी चिकटलेली.

पाकळ्यांसाठी अक्ष कुठेही घेतलात तरी उपयोग नाही. Revolve ने आडवा छेद गोलच येणार. आधी गोल फुलदाणी फिरवून घ्या, एक पन्हळ कापा आणि फुलदाणीच्या अक्षाभोवती आठ प्रती करा.

मृण्मयी, खारघर
कापून बघितलं. मध्ये खरंच बारीक नळी आहे! पण तळाच्या मध्यात आतून एक टोकदार उंचवटाही दिसतोय.

जुना ड्रॉइंगवाला, ऐरोली
आतली वक्ररेषा अक्षाला तिरकी येऊन मिळते म्हणून. अक्षाशी काटकोनात येऊन मिळाली पाहिजे, मग तळ सपाट वाहतो.

निवांत वाशीकर
‘अर्धछेद’ राहिलाच की. तो तरी चालेल ना?

जुना ड्रॉइंगवाला, ऐरोली
तो मला चालत नाही. ड्रॉइंगमध्ये अर्धछेद म्हणजे एक बाजू कापलेली आणि दुसरी बाहेरून दिसणारी, अशी दोन्ही बाजूंची आकृती. ट्रेड शिकलेला मुलगा ‘अर्धछेद’ वाचून तेच काढेल. आपल्याला हवा पूर्ण छेद, पण त्याचा अक्षाच्या एकाच बाजूचा भाग. ‘एकाबाजूचा छेद’ म्हणा.

रबाळ्याचा टर्नर
‘एकाबाजूचा छेद’ म्हणजे कानाला भोक पाडल्यासारखं वाटतं. ‘अर्धी बाजू’ म्हणा.

श्रेया, ठाणे
‘अर्धी बाजू’ बोलताना वापरेन, टिपणात अजून ठरत नाही. ‘परिभ्रमण’ घेतलं, ‘फिरण्याचा अक्ष’ घेतला. शेवटी एक पडताळणी लिहिणार आहे, वजनाची. आकृतीचं क्षेत्रफळ गुणिले तिच्या गुरुत्वमध्याने कापलेलं अंतर म्हणजे घनफळ. अलेक्झांड्रियाच्या पॅपसचा नियम आहे. या पुलीच्या आकृतीचं क्षेत्रफळ 707 चौ. मिमी येतं आणि गुरुत्वमध्य अक्षापासून 30 मिमीवर, म्हणून बिडाची पुली साधारण 960 ग्रॅम. बोअरची कड अक्ष धरली तर क्षेत्रफळ तेच, गुरुत्वमध्य 18 वर येतो आणि वजन 577 ग्रॅम. पुढून होल पाडलं तर आणखी कमी. पोराने मॉडेल कितीही सजवलं तरी वजन खोटं बोलत नाही.

रबाळ्याचा टर्नर
की-वे धरलात का वजनात?

श्रेया, ठाणे
नाही. तो Revolve मध्ये येतच नाही, वेगळा कापावा लागतो. 24 च्या बोअरला 8 रुंद, 3.3 खोल. वजन थोडंच कमी होईल. पण टिपणात तशी ओळ घालते.

निवांत वाशीकर
परिभ्रमणाला माझा विरोध नोंदवून ठेवा.