कॉम्प्रेशन चांगलं, तरी बाईक ऑइल खाते: व्हॉल्व सील की रिंगा?

निळा_धूर: १५० सीसी, एक सिलिंडर. ऑइल बदलल्यापासून १,५०० किमीत ३०० मिली वरून टाकावं लागलं. बाहेर गळती नाही. सकाळी स्टार्ट केली की निळा धूर येतो, मिनिटभरात थांबतो. कॉम्प्रेशन चांगलं आहे, तरी मेकॅनिक बोअर करू म्हणतो. करावं का?

चौथा_गिअर: बोअर अजिबात नको. कॉम्प्रेशन चांगलं म्हणजे रिंगा ठणठणीत. डोळे झाकून सील बदला.

टॅपेट: सीलवरचा संशय मलाही पटतो, पण हे कारण चुकीचं आहे. कॉम्प्रेशन धरतात त्या वरच्या दोन रिंगा. बोअरवरचं ऑइल खरवडते ती तिसरी, सगळ्यात खालची. ती कार्बनने खोबणीत चिकटली की ऑइल वर जातं, पण गेजवर आकडा चांगलाच येतो. आणि सीलचं तर या टेस्टमध्ये काहीच कळत नाही, कारण व्हॉल्व बंद असताना हवा सीटवरच अडते.

सकाळचा धूर मात्र सीलकडे बोट दाखवतो. हेडमधलं ऑइल रात्रभर स्टेमवरून झिरपतं आणि पहिल्या मिनिटात जळून जातं. खात्रीसाठी इंजिन नीट गरम करा, तीन-चार मिनिटं आयडलवर सोडा, मग झटकन रेस द्या आणि तशीच धरा. एकच लोट येऊन धूर साफ झाला तर सील. रेस धरलेली असताना, किंवा चढावर लोड घेताना, धूर येतच राहिला तर रिंगा.

साधा_रायडर: माझ्याही गाडीतून सकाळी पांढरा धूर येतो. सीलच ना?

टॅपेट: नाही. थंडीत पांढरी वाफ येऊन विरत असेल, तर ते सायलेन्सरमधलं पाणी. ऑइलचा धूर निळसर असतो, हवेत रेंगाळतो आणि त्याला जळका वास येतो.

चौथा_गिअर: उतारावर थ्रॉटल बंद ठेवून खाली आल्यावर लोट आला तरी सीलच. ही टेस्ट सोपी आहे.

टॅपेट: सोपी आहे, पण तेवढ्यावर निकाल देऊ नका. थ्रॉटल बंद असताना सिलिंडरमधली ओढ सीलवरून ऑइल खेचते, तशीच थकलेल्या रिंगांवरूनही खेचते. त्यापेक्षा इंटेक मॅनिफोल्ड सोडवून टॉर्चने आत बघा. इंटेक व्हॉल्वची पाठ ओली आणि स्टेमभोवती काळा, जाड थर असेल तर ऑइल वरून उतरतंय. ब्रीदर पाइपमधून जोरात वाफ येत असेल आणि एअरबॉक्समध्ये ऑइल साचलं असेल तर खालच्या बाजूला शोधा.

वंगण: तोवर घट्ट ऑइल टाकलं तर?

टॅपेट: खप थोडा कमी दिसेल, झीज तिथेच राहील. कंपनीने दिलेल्या ग्रेडबाहेर जाऊ नका.

चौथा_गिअर: बरं, सील ठरले तर नुसते सील बदलायचे. रिंगांना हात कशाला?

टॅपेट: आधी व्हॉल्व थोडा उचलून गाइडमध्ये आडवा हलवून बघा. खेळ जास्त असेल तर नवे सीलही लवकर फाटतील, गाइडही बदला. हेड उतरलंच आहे तर सिलिंडर उचलून तिसरी रिंग मोकळी फिरते का ते मी बघेन.

चौथा_गिअर: बोअरवर ओरखडा नसेल तर मी सिलिंडर हलवणार नाही. बसलेल्या रिंगा उगाच उठतात.

निळा_धूर: आधी रेस धरून बघतो. बोअरचं त्यानंतर.