ऑफलाइन भाषा पॅक: जागा करायला काढून टाकावेत का?

निशिगंध: बाबांचा फोन ३२ जीबीचा आहे आणि रोज ‘जागा संपत आली’ म्हणतो. गूगल ट्रान्सलेटमध्ये सात भाषा उतरवलेल्या दिसल्या: मराठी, हिंदी, गुजराती, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश, जपानी. शिवाय बोलण्या-ऐकण्याचा काही वेगळा डेटा आहे. बाबा वेल्ह्याजवळ राहतात, घरात रेंज धड नसते, आणि ते मराठीत बोलूनच मेसेज टाइप करतात. दोन महिन्यांनी बहिणीकडे जर्मनीला जाणार आहेत. हे सगळं काढलं तर काय बंद पडेल? काढावं का?

रानवारा: सरळ काढा. हे पॅक एकदा उतरवतात आणि परत कोणी उघडत नाही. जपानी, स्पॅनिश बाबांना कशाला हव्यात? आता खेड्यापाड्यातही नेट आहे, लागलं की पुन्हा उतरवता येतं. ज्याचा फोन भरलेला आहे त्याने फुकटचं ओझं का बाळगायचं? फोन भरला की व्हॉट्सॲपवर फोटोसुद्धा उतरत नाही, तो त्रास रोजचा आहे. भाषांतर वर्षातून एकदा लागतं.

सह्याद्रीवाला: ‘खेड्यापाड्यात नेट आहे’ हे पुण्यात बसून म्हणायला ठीक आहे. राजगड-तोरण्याच्या पायथ्याची कितीतरी घरं अशी आहेत की अंगणात दोन दांड्या आणि माजघरात शून्य. तिथे ‘लागलं की उतरवू’ हा सल्ला चालत नाही, कारण लागतं तेव्हाच नेट नसतं. मी एकही काढणार नाही.

अक्षरजुळणी: दोघेही सगळ्या पॅकांना एकच समजून बोलताय, तिथेच घोळ होतोय. फोनवर तीन वेगळ्या जागी तीन वेगळ्या गोष्टी बसलेल्या असतात. भाषांतराच्या फाइल ट्रान्सलेट ॲपच्या पोटात असतात. बोललेलं ऐकून टाइप करणारा भाग वेगळा, आणि लिहिलेलं वाचून दाखवणारा आवाज वेगळा. हे शेवटचे दोन बहुतेक अँड्रॉइड फोनवर `Speech Recognition & Synthesis` नावाच्या ॲपशी जोडलेले असतात. त्यामुळे बाबांनी जपानी भाषांतर काढलं म्हणून मराठी टायपिंग बंद पडणार नाही. त्या दोघांचा एकमेकांशी संबंधच नाही.

आता जागेचा हिशेब. गूगलने २०१८ मध्ये नव्या पद्धतीचं ऑफलाइन भाषांतर आणलं तेव्हा एका भाषेची फाइल ३५ ते ४५ एमबी असल्याचं सांगितलं होतं. त्या हिशेबाने सात भाषा धरल्या तरी तीनशे एमबीच्या आसपास होतात. ३२ जीबीच्या फोनला ‘जागा संपत आली’ म्हणायला लावणारा गुन्हेगार हा नव्हे.

काढायचंच असेल तर ट्रान्सलेटमध्ये वर उजवीकडच्या फोटोवर दाबा, `Downloaded languages` उघडा आणि नको त्या भाषेपुढच्या कचऱ्याच्या डब्यावर दाबा. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन ॲपवर `Clear storage` करू नका. तिथे सात भाषा एकदम जातात, जर्मनसुद्धा. `Clear cache` केलं तर पॅक तसेच राहतात, फक्त किरकोळ तात्पुरत्या फाइल जातात. कॅशे साफ करून ‘पॅक काढले तरी जागा झाली नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतात.

माय_मराठी: माझं स्पष्ट मत, फोनमधून मराठी काढूच नये. आधीच लोक इंग्रजी कीबोर्डवर मराठी लिहितात. मराठी कीबोर्ड काढला तर बाबा लिहिणार कशात?

अक्षरजुळणी: कीबोर्ड काढायचा प्रश्नच नाही. मराठी कीबोर्ड आणि ट्रान्सलेटमधला मराठी पॅक वेगळे आहेत. पॅक गेला तरी बाबांना देवनागरीत लिहिता येईलच.

कमांडो_कणकवली: एवढं एकेक काढत बसण्यापेक्षा मुळावर घाव घाला. संगणकाला फोन जोडा आणि आवाजाचं ॲपच काढून टाका. मी माझ्या फोनवर केलंय, काहीही बिघडलं नाही.

```
adb shell pm uninstall --user 0 com.google.android.tts
```

श्रवणपथ: कृपा करून ही कमांड कोणी वडीलधाऱ्यांच्या फोनवर चालवू नका. मला दिसत नाही, मी टॉकबॅकवर फोन वापरतो. टॉकबॅक स्वतः बोलत नाही. पडद्यावर काय आहे ते तो आवाजाच्या इंजिनाला देतो आणि इंजिन वाचतं. माझ्या पुतण्याने चांगल्या हेतूने फोन साफ केला आणि याच इंजिनावर `Clear storage` दाबलं. घरात वायफाय होतं तोवर कळलंच नाही, कारण मराठी आवाज नेटवरून येत होता. मी घाटात बसमध्ये असताना रेंज गेली आणि मराठी मेसेजवर बोट ठेवलं की काहीच ऐकू येईना. इंग्रजी बटणं वाचली जात होती, मराठी मजकूर मात्र मुका. आपण कुठे बोट ठेवलंय हेच कळेना. घरी येईपर्यंत मी फोन खिशात ठेवून दिला.

तेव्हापासून मी ईस्पीक एनजी हे दुसरं इंजिन फोनवर ठेवतो. त्याचा आवाज यांत्रिक आहे, पण ते अगदी छोटं आहे, मराठी वाचतं आणि त्याला नेट लागत नाही. दोनशे एमबीसाठी कोणाचा आवाज काढून घ्यायचा की नाही, हे फोन वापरणाऱ्याला विचारूनच ठरवावं.

कमांडो_कणकवली: तुमचा मुद्दा मान्य. पण प्रश्न विचारणाऱ्याचे बाबा टॉकबॅक वापरत नाहीत. त्यांना आवाज कशाला हवा?

अक्षरजुळणी: ते ॲप फक्त बोलून दाखवत नाही, ऐकून टाइप करण्याचा भागही त्यातच आहे, आणि बाबा बोलूनच लिहितात. नकाशा रस्ता सांगतो तोसुद्धा अशाच आवाजाच्या इंजिनावर. तुमची ती कमांड मूळ फाइल पुसत नाही, फक्त त्या वापरकर्त्यापुरतं ॲप बाजूला काढते. म्हणजे फोनसोबत आलेली मूळ प्रत जागा अडवून बसतेच. ज्यांनी आधीच चालवली असेल त्यांनी हे करून पाहावं:

```
adb shell cmd package install-existing com.google.android.tts
```

परत आल्यावर प्ले स्टोअरवरून अपडेट करून मराठी आवाज पुन्हा उतरवावा लागेल.

दवाखाना_दप्तर: मी वेगळ्या कारणाने पॅक ठेवते. रुग्णांच्या नोंदी मी बोलून लिहिते. ऑफलाइन पॅक असला की आवाज फोनबाहेर जात नाही, म्हणून काढू नये.

अक्षरजुळणी: हे अर्धं खरं आहे, आणि तुमच्या कामात उरलेलं अर्धं महत्त्वाचं आहे. पॅक फोनवर आहे म्हणजे तोच वापरला जातोय असं नाही. नेट चालू असेल तर पुष्कळ फोनांवर बोलून टाइप करणं सर्व्हरवरच जातं, ट्रान्सलेटही ऑनलाइन उत्तरालाच पसंती देतं. आयफोनच्या भाषांतर ॲपमध्ये ‘फक्त फोनवरच’ असा वेगळा खटका आहे, पण तिथेही तो चालू करावा लागतो. खात्री हवी असेल तर नोंद करताना विमान मोड लावा.

निशिगंध, काहीही काढण्याआधी तुम्हीही हीच चाचणी करा. विमान मोड लावा आणि वायफायही बंद झालंय ना पाहा, कारण काही फोन विमान मोडमध्येही वायफाय चालू ठेवतात. मग बाबांना माइक दाबून मराठीत एक वाक्य बोलायला सांगा. शब्द उमटले तर मराठी ऐकण्याचा भाग फोनवर आहे, त्याला हात लावू नका. नेट नाही असा संदेश आला तर बाबांचं टायपिंग आधीपासून नेटवरच चालतंय. मग यादीतला हिंदी किंवा दुसऱ्या भाषेचा ऐकण्याचा पॅक काढल्याने त्यांच्या मराठी लिहिण्यात तसूभर फरक पडणार नाही.

निशिगंध: आज करून पाहिलं. विमान मोडमध्ये मराठी बोलणं उमटलं नाही. म्हणजे बाबा अंगणात जाऊन मेसेज का लिहितात ते आता कळलं. आम्हाला वाटायचं तिथे उजेड चांगला असतो. मराठी ऐकण्याचा पॅक उतरवता येईल का?

अक्षरजुळणी: `Offline speech recognition` किंवा `On-device recognition` अशी यादी सेटिंगमध्ये शोधा, फोनच्या कंपनीप्रमाणे जागा बदलते. त्यात मराठीचं नाव असेल तर उतरवा, नसेल तर इलाज नाही.

सह्याद्रीवाला: म्हणजे बघा, जो पॅक बाबांना रोज लागतो तोच नाही, आणि जपानी भाषांतर मात्र बसलंय. काढायचा असेल तर हा विचार करून काढा. मी आधी सरसकट ‘ठेवा’ म्हणालो, ते जपानीपुरतं मागे घेतो.

नेकारकाठ: मी श्टुटगार्टला राहते, आईबाबा येऊन गेले. जर्मन पॅक काढला असेल तर निघण्याआधी घरीच वायफायवर पुन्हा उतरवा. विमानातून उतरल्यावर सिमकार्ड मिळेपर्यंत तेवढंच हाताशी असतं. पण एक लक्षात घ्या, मराठी आणि जर्मन दोन्ही पॅक हवेत. ऑफलाइन भाषांतर आधी इंग्रजीत होतं आणि तिथून पुढच्या भाषेत. एकाच पॅकवर काम भागत नाही, आणि चूक दोन्ही टप्प्यांवर होऊ शकते.

पाटी, बसस्थानकाचं नाव, दुकानातलं लेबल यांवर कॅमेरा धरला तर नेटशिवायही काम भागतं. औषधाच्या माहितीपत्रकावर मात्र विश्वास ठेवू नका. बाबांच्या गोळ्यांच्या पत्रकावर कोणत्या औषधासोबत ही घेऊ नये असं लांब वाक्य होतं. ऑफलाइन मराठीत त्यातला नकारच गळून पडला होता. मी जर्मन वाचते म्हणून लक्षात आलं. आमच्याकडे नियम आहे, औषधाचं काहीही असलं की पत्रकाचा फोटो मला पाठवायचा.

रानवारा: मग मराठीपेक्षा हिंदी पॅक ठेवला तर? हिंदीचं भाषांतर जास्त चांगलं असतं असं माझं मत. बाबांना हिंदी समजतच असेल.

नेकारकाठ: माझ्या आईला बातम्यांची हिंदी कळते, पण डॉक्टरसमोर घाबरल्यावर ती मराठीतच विचार करते. मी मराठीच ठेवेन.

रानवारा: आणि मी हिंदी. बाबांनाच दोन्ही दाखवून विचारा.

निशिगंध: फ्रेंच, स्पॅनिश, जपानी आणि गुजराती काढल्या. दीडशे एमबीच्या आसपास जागा झाली, म्हणजे इशारा काही गेला नाही. मराठी, हिंदी, जर्मन ठेवल्या. आवाजाच्या ॲपला हात लावला नाही. ऐकण्याच्या यादीत हिंदी आहे, मराठी दिसत नाही.

अक्षरजुळणी: आता `Android/media/com.whatsapp/WhatsApp` हा फोल्डर बघा. आत `Media` मध्ये व्हिडिओ असतात आणि `Databases` मध्ये गेल्या काही दिवसांच्या बॅकअपच्या प्रती साठलेल्या असतात. सगळ्यात नवी प्रत सोडून जुन्या काढल्या तरी चालतं.

निशिगंध: `Media` एकटाच ८ जीबीच्या वर आहे. त्यात नातवाचे व्हिडिओ आहेत, म्हणून बाबांसोबत बसूनच काढणार. ऐकण्याची ती यादी आपोआप अपडेट होते का? तिथली हिंदी काढली आणि ती परत आली तर?

अक्षरजुळणी: काही फोनांवर त्या यादीशेजारीच आपोआप अपडेटचा पर्याय असतो, तो ‘फक्त वायफायवर’ ठेवा. आणि कीबोर्डमध्ये हिंदी जोडलेली असेल तर तिचा शब्दसंग्रह कीबोर्ड स्वतःहून आणतो. तो नको असेल तर कीबोर्डच्या भाषांमधूनही हिंदी काढावी लागेल. बाबा हिंदीत कधी लिहीत असतील तर मात्र काढू नका.