अनुभव धागा: बोधात्मक विसंगती कशी समजावता?

मेघमल्हार: मानसशास्त्र शिकवणाऱ्यांनी जरूर लिहा. ‘कॉग्निटिव्ह डिसोनन्स’ समजावताना रोजचं कोणतं उदाहरण देता?

रानजाई: स्कूटर खरेदीचं. पेट्रोलची घ्यावी की बॅटरीची? दोन्ही आवडतात, ठरत नाही. हीच विसंगती.

सांजवात: रानजाईताई, ती द्विधा मनःस्थिती झाली. विसंगती पैसे भरल्यानंतरची. बॅटरीची घेतली की पेट्रोलवालीचे गुण टोचू लागतात, कारण ‘मी नीट विचार करून निवडलं’ याच्याशी ते जुळत नाहीत. गाडी परत करणं अवघड, मत बदलणं सोपं. मग घेतलेली आणखी चांगली वाटू लागते आणि सोडलेलीत खोट दिसू लागते. वर्गात हे पडताळताना मी दोन्ही गाड्यांना दहापैकी गुण द्यायला लावते, निवडीआधी आणि निवडीनंतर लगेच. मध्ये गाडी चालवून झाली, तर गुण अनुभवानं बदलले की विसंगतीनं, हे कळत नाही.

घडीचा_डाव: म्हणजे ढोंगच की! मनात एक, तोंडावर दुसरं.

वि_दे: ढोंग करणाऱ्याला आपलं खरं मत ठाऊक असतं. इथे मतच सरकतं. फेस्टिंगर आणि कार्लस्मिथ यांनी १९५९ साली छापलेला प्रयोग बघा. विद्यार्थ्यांकडून तासभर कंटाळवाणं काम करून घेतलं: अर्धा तास एका हातानं ट्रेमध्ये रिळं भरायची नि रिकामी करायची, उरलेला अर्धा तास ४८ चौकोनी खुंट्या पाव-पाव फिरवत बसायचं. मग पुढच्या विद्यार्थिनीला ‘काम मजेदार आहे’ असं सांगायला लावलं. काहींना त्यासाठी १ डॉलर दिला, काहींना २०. नंतर काम किती आवडलं ते उणे ५ ते अधिक ५ या पट्टीवर विचारलं. २० डॉलरवाल्यांची सरासरी उणे ०.०५, १ डॉलरवाल्यांची अधिक १.३५! वीस डॉलर हे खोटं बोलायला पुरेसं कारण होतं. एक डॉलर तेवढं कारण देत नाही, म्हणून ‘काम तसं बरंच होतं’ असं मनानं धरलं. विद्यार्थी नेहमी उलटं लिहून येतात, जास्त पैसे म्हणजे जास्त मतबदल. तिथेच गुण जातात.

घडीचा_डाव: पण त्यात अस्वस्थता कुठे मोजली? एका डॉलरसाठी कोण खोटं बोलेल, म्हणजे मला आवडलंच असेल, असा साधा तर्क का नसेल?

वि_दे: हाच आक्षेप डॅरिल बेमनं १९६७ साली घेतला होता. पुढे झन्ना आणि कूपर यांनी १९७४ मध्ये लोकांना निरुपद्रवी गोळी देऊन सांगितलं, की हिनं बेचैन वाटेल. बेचैनीचं खापर गोळीवर फोडता आलं तेव्हा मत फारसं हललं नाही. म्हणजे आत काहीतरी टोचत असावं.

सांजवात: माझ्या गुणांच्या पद्धतीलाही एक भोक आहे. दोन्हींना सात-सात दिले, तरी मनाचा कल आधीच एकीकडे असू शकतो. मग निवडीनं तो बदलला की फक्त उघड झाला? वर्गात हे वेगळं काढायची सोपी युक्ती कुणाकडे आहे का?