अनुभव धागा: मित्राचं गुपित तोंडून निसटलं, मग माफी कशी मागितली?

तापीकाठची: धागा मी काढलाय, तर आधी माझंच सांगते. मैत्रिणीने चपलाहार गहाण ठेवला होता. सासरी कुणालाच माहीत नव्हतं, फक्त मला. कानबाईच्या रात्री गाणी म्हणायला तिच्याकडे गेले. जाऊबाई म्हणाल्या, "आज हार नाही घातला हिने?" मी पटकन बोलून गेले, "अजून सोडवायचाय ना." बोलल्यावर जीभ चावली, पण उशीर झाला होता.

घरी येऊन मेसेज लिहिला: "मला वाटलं जाऊबाईंना माहीत असेल, आणि तूही सांगून ठेवायला हवं होतंस..." वाचला आणि खोडला. माफी कुठे होती त्यात? अर्धा दोष तिच्यावरच ढकलला होता मी.

सकाळी विसर्जनाआधी तिला गच्चीवर गाठलं. म्हटलं, "काल मी तुझ्या जावेला बोलले, हार अजून सोडवायचाय म्हणून. किती पैसे, कशासाठी, ते बोलले नाही. चूक माझी." तिने पहिलं काय विचारलं? "अजून कोण होतं तिथे?" धाकटी नणंद दारात होती, तेही सांगितलं. ते लपवलं असतं तर सगळंच खोटं ठरलं असतं.

मी म्हणाले, जाऊबाईंना सांगते मी गंमत केली. ती चिडली, "आता खोटं नको बोलू." तिने त्याच दुपारी सासूबाईंना स्वतः सांगितलं. म्हणूनच लगेच सांगणं महत्त्वाचं, तिला तेवढा वेळ तरी मिळाला.

रावेरचा केळीवाला: माझं मत, जिथे बोललो तिथेच चारचौघांत माफी मागावी. मी मित्राच्या मोडलेल्या सोयरिकीचं पारावर बोललो होतो, पारावरच कान धरले.

भुसावळ जंक्शन: भाऊ, मग ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही कळलं असेल की!

रावेरचा केळीवाला: हो, दोघांना कळलं. मित्र त्यावरूनच जास्त तापला. पण चोरून माफी मागणं मला अजूनही पटत नाही.

धुळेकर: माझं उलटं आहे. माझ्या नोकरी सोडण्याची बातमी मित्राने फोडली. चार महिने झाले, रोज विचारतो, "माफ केलंस ना?" काय करू?

तापीकाठची: धागा फोडणाऱ्यांचा आहे, पण बरं झालं लिहिलंत. त्याला सांगा, विचारणं बंद कर. रोज विचारून तो स्वतःचं ओझं तुमच्यावर टाकतोय.

अमळनेरची आजी: आमच्या वेळी एवढं नव्हतं. दारात जाऊन "मन्हं चुकनं" म्हणायचं, चहा प्यायचा, झालं.

भुसावळ जंक्शन: आजी, चहा मिळाला तर! ताई, तुमची मैत्रीण आता बोलते का?

तापीकाठची: बोलते. पापड लाटायला आली होती. हार सुटला की नाही ते मात्र तिने सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.